वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा अर्ज: सुधारलेला मसुदा

प्रशांत,

अर्ज परत पाठवतेय. तुझ्या मसुद्यात वेदच्या आजारपणाची काळजी पानभर होती आणि रकमेचा उल्लेख एकाच ठिकाणी, तोही 'अंदाजे तीस हजार'. अकाउंट्सला अंदाज चालत नाही. सगळी बिलं तारखेने लावून बेरीज केली, ती २९,४३५ आली. त्यातलं धोरणात न बसणारं आपणच वजा केलंय. ते त्यांनी कापलं तर अर्ज 'त्रुटी' म्हणून परत येतो आणि महिना जातो. आपण कापलं तर त्यांना फक्त टिक मारायची असते.

तुला वाटेल तीन हजार उगाच सोडले. ते मिळणार नव्हतेच.

सीबीसीच्या पावत्या एकसारख्या दिसतात, त्यामुळे एकच बिल पुन्हा जोडलंय अशी शंका हमखास घेतात. म्हणून प्लेटलेट्सचे आकडे अर्जातच घातलेत. १६ तारखेचं औषधाचं बिल मात्र तू गाडीच्या डिकीत ठेवलंस आणि उन्हाने त्याची शाई उडाली. नुसता गुलाबी कागद उरलाय. मेडिकलवाल्याकडून शिक्का मारून दुसरी प्रत आणलीस ते बरं केलंस, पण मूळ कोरा कागदही मागे जोडून ठेव. आणि 'कृपाळू होऊन', 'आजन्म ऋणी राहीन' हे काढून टाकलंय. धोरणात बसतं ते मागतोयस, उपकार नाही.

सही कर आणि १७ ऑक्टोबरच्या आत दे. उद्याच दिलास तर उत्तम. पोच घ्यायला विसरू नकोस.

वैशालीताई

———

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मनुष्यबळ विभाग,
चाकण कारखाना

विषय : मुलाच्या डेंग्यूवरील उपचारांच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळणेबाबत (मागणी रु. २६,०४५)

संदर्भ : वैद्यकीय खर्च प्रतिपूर्ती धोरण २०२५-२६, कलम ४, ६ व ७

महोदय,

मी प्रशांत भोसले, कर्मचारी क्रमांक ४४१८, गुणवत्ता विभागात वरिष्ठ तपासनीस म्हणून काम करतो. माझा मुलगा वेद (वय ११ वर्षे, आश्रित म्हणून नोंद आहे) याला १० सप्टेंबर २०२५ च्या रात्री ताप आला. १२ सप्टेंबरला एनएस-१ चाचणीत डेंग्यूचे निदान झाले. प्लेटलेट्स कमी होत गेल्याने व तो पाणीही पीत नसल्याने बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यावरून त्याला १४ ते १७ सप्टेंबर या काळात रुग्णालयात दाखल करावे लागले. रुग्णालय आपल्या समूह विम्याच्या कॅशलेस यादीत नसल्याने सर्व रक्कम मी स्वतः भरली.

बिलांचा तपशील :

१) १२ सप्टेंबर, बालरोगतज्ज्ञ तपासणी, पावती क्र. २२१७ : रु. ६००
२) १२ सप्टेंबर, प्रयोगशाळा, एनएस-१ (रु. १,१००) व सीबीसी (रु. ३५०) : रु. १,४५०
३) १३ सप्टेंबर, प्रयोगशाळा, सीबीसी : रु. ३५०
४) १७ सप्टेंबर, रुग्णालयाचे अंतिम बिल : रु. २०,१५०
५) १४ सप्टेंबर, औषधे व सलाईन : रु. २,३८०
६) १५ सप्टेंबर, औषधे व सलाईन : रु. १,९४०
७) १६ सप्टेंबर, औषधे व सलाईन (शिक्क्यासह दुसरी प्रत) : रु. १,२६५
८) १९ सप्टेंबर, फेरतपासणी, पावती क्र. २२९० : रु. ६००
९) १९ सप्टेंबर, प्रयोगशाळा, सीबीसी : रु. ३५०
१०) २२ सप्टेंबर, प्रयोगशाळा, सीबीसी : रु. ३५०

एकूण प्रत्यक्ष खर्च : रु. २९,४३५

अ.क्र. ४ मधील रकमेची फोड अशी : खोलीभाडे ३ दिवस, दररोज रु. ३,००० प्रमाणे ९,०००, नर्सिंग १,८००, डॉक्टरांच्या ६ भेटी ४,२००, रुग्णालयातील तपासण्या ४,१०० (सीबीसी ४ वेळा १,४००, पोटाची सोनोग्राफी १,८००, यकृताची तपासणी ९००), नोंदणी ३००, जेवण ७५०.

सीबीसी एकूण आठ वेळा झाली आहे, म्हणून खुलासा करतो. डेंग्यूत ताप उतरू लागतो त्याच दिवसांत प्लेटलेट्स झपाट्याने घसरू शकतात, त्यामुळे डॉक्टरांनी रोज तपासणी लिहून दिली होती. १२ सप्टेंबरला प्लेटलेट्स १,६२,००० होत्या, १३ ला १,१८,००० आणि १४ ला ८४,०००. १५ ला त्या ५२,००० वर आल्या. त्यानंतर १६ ला ६१,०००, १७ ला ८८,०००, १९ ला १,४५,००० आणि २२ ला २,३०,००० अशी वाढ झाली. प्रत्येक तारखेचा स्वतंत्र अहवाल सोबत आहे. कोणतेही बिल दोनदा जोडलेले नाही.

धोरणानुसार पुढील रकमा मी स्वतःच वजा केल्या आहेत :

खोलीभाडे, कलम ४.२ नुसार दररोज रु. २,५०० च्या वरील रक्कम (५०० × ३) : रु. १,५००
तपासण्या, कलम ४.३ नुसार एका आजारपणात रु. ६,००० ची मर्यादा. बाहेरच्या २,५०० व रुग्णालयातील ४,१०० मिळून ६,६००, त्यातील जादा : रु. ६००
नोंदणी शुल्क, कलम ७ : रु. ३००
जेवण, कलम ७ : रु. ७५०
थर्मामीटर (अ.क्र. ५ च्या बिलात समाविष्ट), कलम ७ : रु. २४०

एकूण वजावट रु. ३,३९०. मागणी : रु. २९,४३५ − रु. ३,३९० = रु. २६,०४५.

कलम ४.१ नुसार माझ्या कुटुंबाची वार्षिक मर्यादा रु. ३५,००० आहे. त्यातून जून २०२५ मध्ये पत्नीच्या उपचारांसाठी रु. ६,१५० मंजूर झाले होते. शिल्लक रु. २८,८५० असल्याने ही मागणी मर्यादेत बसते. ती पूर्ण मंजूर झाल्यास रु. २,८०५ शिल्लक राहतील. कलम ६ नुसार डिस्चार्जपासून ३० दिवसांची मुदत १७ ऑक्टोबरला संपते, म्हणजे हा अर्ज मुदतीत आहे.

या खर्चासाठी मी समूह विम्याकडे किंवा अन्यत्र कोठेही दावा केलेला नाही आणि करणार नाही. वरील माहिती खरी असून त्यात चूक आढळल्यास मंजूर रक्कम वेतनातून वळती करण्यास माझी हरकत नाही.

तरी रु. २६,०४५ माझ्या वेतन खात्यात जमा करावेत, ही विनंती. एखाद्या रकमेबाबत शंका असल्यास पूर्ण अर्ज परत न पाठवता ती बाब वगळून उर्वरित रक्कम मंजूर करावी. त्या बाबीचा खुलासा मी लगेच देईन.

आपला विश्वासू,
(सही)
प्रशांत भोसले
कर्मचारी क्र. ४४१८, गुणवत्ता विभाग

सोबत : १) मूळ बिले व पावत्या, अ.क्र. १ ते १०, तारखेनुसार २) अ.क्र. ७ चे शाई उडालेले मूळ बिल ३) डॉक्टरांच्या चिठ्ठ्या व डिस्चार्ज कार्ड ४) एनएस-१ अहवाल, सीबीसीचे आठ अहवाल, सोनोग्राफी व यकृत तपासणीचे अहवाल ५) रुग्णालयात पैसे भरल्याची पावती