गजाननला, बढतीच्या आनंदात

नागपूर,
दि. १२ सप्टेंबर २०२५

प्रिय गजानन,

अभिनंदन, अभिनंदन आणि पुन्हा एकदा अभिनंदन! झालास बाप्पा एकदाचा वाहतूक नियंत्रक! बुधवारपासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलो आहे, आणि ज्याला सांगायचे त्या तुलाच अजून पोटभर सांगता आलेले नाही, म्हणून आज ड्यूटीवरून आल्याबरोबर, जेवणाआधीच, हे पत्र लिहायला बसलो.

यादी लागल्याचे मला गोंदियाची फेरी करून परत आल्यावर कळले. आगारातल्या फलकासमोर दहा-बारा जण दाटीवाटीने उभे होते, वरच्या पंख्याच्या वाऱ्याने कागदाचा खालचा कोपरा सारखा उलटत होता, आणि एकाने तो अंगठ्याने दाबून धरला होता. मी बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली आलो, तुझ्या नावावर बोट थांबले आणि शेजारी उभ्या असलेल्या चालकाला मी म्हटले, "हा आमचा गजानन आहे." तो बिचारा तुला ओळखतही नव्हता, तरी त्याने माझाच हात हातात घेऊन अभिनंदन केले, माझा चेहरा पाहून त्याला बढती माझीच झाली असे वाटले असावे.

त्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हा तू अभिनंदन पुरते ऐकूनही घेतले नाहीस. "तुझ्या नावाचं काय झालं?" एवढेच विचारत राहिलास, आणि मग आवाज खाली आणून उमरेडच्या पावसावर बोलायला लागलास. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आपण दोघांनी एकाच वेळी अर्ज भरला, एकाच खोलीत बसून परीक्षा दिली, आणि यादीत एकच नाव आले, म्हणून तुला आपला आनंद माझ्यासमोर मोकळा करायचा संकोच वाटला. तो संकोच तू आजच्या आज सोडून दे, कारण त्याच्यामुळे माझा आनंद अडून बसला आहे. माझे नाव आले नाही याचे मला वाईट वाटले, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तुझे नाव पाहून झालेला हर्ष त्याने तसूभरही कमी झालेला नाही. पुढच्या वेळी मी पुन्हा बसणार आहे, आणि तू त्या दोनशे पानी वहीत काढलेली टिपणे हक्काने मागून नेणार आहे. तेव्हा आता माझ्याशी बोलताना पावसाचा विषय काढू नकोस, बढतीचाच काढ.

ही बढती तुला मिळणे मला इतके योग्य का वाटते, ते फोनवर सांगता येण्यासारखे नव्हते. आपण भरती झालो तेव्हा गळ्यात तिकिटांचा ट्रे आणि हातात पंच होता, आणि रात्री रोकड भरताना नव्या मुलांचा हिशेब दहा-वीस रुपयांनी हमखास चुकायचा. बाकीचे आपला भरणा करून घरी जात. तू मात्र ज्याचा हिशेब जुळत नसेल त्याच्या शेजारी बसून त्याची तिकिटे पहिल्या क्रमांकापासून मोजायचास आणि चूक सापडेपर्यंत उठत नसायचास. पुढे मशीन आले, मोजणी सोपी झाली, पण दुसऱ्याची अडचण आपल्या अंगावर घेण्याची तुझी सवय मशीनने काही गेली नाही.

आणि ती म्हातारी मी कशी विसरेन! गेल्या उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी मी तुझ्याच गाडीने भिवापूरला येत होतो. उमरेडच्या स्थानकावर एक आजी चढल्या, प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेले आधार कार्ड त्यांनी मोठ्या मुश्किलीने बाहेर काढले, आणि तू वय पाहून शून्य रुपयांचे तिकीट काढून त्यांच्या हातात दिलेस. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला, तरी असे तिकीट द्यावेच लागते, हे त्यांना कुणी कधी सांगितले नसावे. त्यांनी विचारले, "पैसे लागत नाई, त मंग तिकीट कायले देतं बापू?" मागे गाडी भरलेली होती, निम्मी तिकिटे काढायची बाकी होती, दोन जण सुट्ट्या पैशांसाठी ओरडत होते, दुसरा कुणी "ठेवा आजी" म्हणून पुढे गेला असता. तू थांबलास आणि म्हणालास, "आजी, तुम्ही फुकट बसल्या असं कोणी म्हणू नये म्हणून देतो. तुमचे पैसे सरकार भरते." त्यानंतर आजी कशा ताठ बसल्या ते मी मागच्या बाकावरून पाहिले. ते तिकीट त्यांनी आधार कार्डाबरोबर त्याच पिशवीत जपून ठेवले.

नियम तोच, मशीनही तेच, पण प्रवाशाला त्यातून मान मिळेल की त्याला कानकोंडे व्हावे लागेल, हे देणाऱ्याच्या दोन वाक्यांवर ठरते, आणि ती दोन वाक्ये तुला कुणी शिकवावी लागली नाहीत. अशा माणसाला आता एका गाडीऐवजी सगळे स्थानक मिळणार आहे, याहून चांगली बातमी प्रवाशांसाठी दुसरी कोणती असेल?

तुला नेमणूक थेट गणेशपेठला मिळाली, हे ऐकून तर मला दुप्पट समाधान वाटले. मोरभवनाला जवळपासच्या गाड्यांची वर्दळ असते, पण गणेशपेठच्या खिडकीसमोर अमरावतीचा, यवतमाळचा, चंद्रपूरचा, भंडाऱ्याचा, पांढुर्ण्याचा प्रवासी एकाच वेळी येऊन उभा राहतो आणि प्रत्येकाला आपली गाडी आत्ता, या क्षणी हवी असते. मार्च २०२३ मध्ये महिलांचे तिकीट अर्धे झाल्यापासून बायाबापड्यांचा प्रवास किती वाढला, ते आपण दोघेही रोज पाहतो. ज्या बाई पूर्वी माहेरी जायला नवऱ्याची सवड पाहत बसायच्या, त्या आता एकट्या लेकरू कडेवर घेऊन खिडकीशी येतात आणि कोणती गाडी, कोणता फलाट, किती वाजता पोहोचेल, हे सगळे त्यांना तिथेच विचारायचे असते. काचेआडचा माणूस मान वर न करता "समोर पाटी आहे" म्हणाला, की पाटी वाचता न येणारी बाई गप्प होते आणि चुकीच्या फलाटावर जाऊन उभी राहते. तुझ्या खिडकीवर असे होणार नाही, एवढी मला पक्की खात्री आहे.

आम्हा वाहक-चालकांच्या बाजूनेही मला हा आनंद वाटतो, आणि तो थोडा स्वार्थाचा आहे असे समज. लॉगशीटवर वेळ घालून घ्यायला खिडकीशी गेल्यावर, घाटात टायर फुटला म्हणून चाळीस मिनिटे उशीर झाला, हे सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा माणूस आत असणे आणि नुसते घड्याळाकडे पाहणारा माणूस आत असणे, यात फार अंतर आहे. रस्त्यावर काय होते ते तुला ठाऊक आहे, मुक्कामी गाडीवर गावातल्या ओट्यावर डास मारत काढलेली रात्र तुला ठाऊक आहे, पहाटेच्या फेरीला चालक आला नाही म्हणजे वाहकाला प्रवाशांची किती बोलणी खावी लागतात तेही तू सोसलेले आहेस. हे सगळे अंगावरून गेलेला माणूस त्या खुर्चीत बसतो आहे, म्हणून घाट रोड आगारातले ज्यांना तू माहीत आहेस ते सगळे खूश आहेत, आणि त्यांनी मला मुद्दाम हे कळवायला सांगितले आहे.

रुजू झाल्यावर तुला श्वास घ्यायलाही सवड मिळणार नाही, हे मात्र आताच धरून चाल. सोमवारी, २२ तारखेला तू हजर होशील, आणि दहाच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, विजयादशमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून या दिवसांत नागपूरला येणारी माणसे तू गाडीच्या आतून अनेकदा पाहिली आहेस. येताना डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल, परतताना पिशवीत पुस्तके आणि फोटो, आणि सगळ्यांची एकच विचारणा, आमच्या गावाकडची शेवटची गाडी गेली तर नाही ना? जादा गाड्या सुटतात, तरी त्या रात्री स्थानकात पाय ठेवायला जागा नसते. तुझा खणखणीत आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकू येईल आणि "काळजी करू नका, पवनीची दुसरी गाडी लागते आहे" असे तू सांगशील, तेव्हा फलाटावरची किती माणसे निश्चिंत होऊन खाली बसतील, याची मला आताच कल्पना येते. माझीही त्या दिवशी जादा गाडीवर ड्यूटी लागणार हे ठरलेलेच आहे, त्यामुळे तुझी पहिली मोठी परीक्षा मी जवळून पाहणार आहे आणि मला तिचा अभिमान वाटणार आहे.

काकूंनी पितृपक्ष आहे म्हणून पेढे घटस्थापनेनंतरच वाटायचे ठरवले आहे, असे वहिनींकडून कळले. काकूंचा शब्द मोडू नकोस. त्यांनी तुझ्या पहाटेच्या ड्यूट्यांसाठी इतकी वर्षे तीन वाजता उठून डबा करून दिला, तेव्हा पहिला पेढा देवापुढे ठेवून दुसरा त्यांच्याच हातावर ठेव. वहिनींनाही माझे अभिनंदन सांग; मुलींचा अभ्यास, सासूबाईंचे औषधपाणी आणि तुझी परीक्षा हे तिन्ही त्यांनी एकटीने सांभाळले, आणि तू रात्री वही घेऊन बसलास की टीव्ही बंद ठेवण्याचा नियम घरात त्यांनीच लावला होता, हे मला धाकटीने सांगितले आहे.

रोज उमरेडहून जाणे-येणे करणार की नागपूरला खोली पाहणार, याचा विचार तू अजून केला नसशील. पाळी बदलती राहील, रात्री उशिरा परतणे जड जाईल. खोली मिळेपर्यंत आमच्याकडे रहा. घर हनुमाननगरात आहे, गणेशपेठ तिथून जवळ पडते आणि पुढची खोली रिकामीच असते. तुझ्या वहिनीने पलंगावर नवी चादर घालून ठेवायची तयारीही दाखवली आहे, तेव्हा आढेवेढे घेऊ नकोस.

सोमवारी माझी पहाटेची भंडारा फेरी आहे आणि मी साडेदहापर्यंत गणेशपेठला परत येतो. येताना संत्रा बर्फी घेऊन येईन. पेढे तू दे, बर्फी मी देतो, आणि लॉगशीटवरची तुझी पहिली सही माझ्या गाडीची असावी, एवढी जागा माझ्यासाठी राखून ठेव.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझाच,
विलास