विषय: खानापूर रोडचा प्लॉट नको, टिळकवाडीचा फ्लॅट बघूया

नमस्कार प्रकाशदादा, सुजाता वहिनी,

परवा फोनवर वहिनींचा आवाज जरा काळजीचा वाटला, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय, सावकाश वाचा आणि आबांनाही वाचून दाखवा.

आधी खानापूर रोडच्या प्लॉटचं. तो घेऊ नका. रविवारी सकाळी जागेवर जाऊन आलो, उतारा काढला तर जमीन अजून शेतीचीच, एनए झालेलीच नाही, नुसते दगड रोवून गुंठ्यावर विकताहेत. रस्ता 30 फुटी म्हणून सांगताहेत, मी टेप लावली तर 21 फूट भरला आणि त्यातही एका बाजूला गवताची गंजी. वर फेमा कायद्यानं एनआरआयला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, तेव्हा स्वस्त मिळतंय म्हणून तिकडं बघायलाच नको.

टिळकवाडीचा फ्लॅट मात्र मला पटलाय. 52 लाख सांगताहेत, बोलून थोडं खाली आणूया. विकणारे इथंच राहतात, त्यामुळं व्यवहार 50 लाख किंवा त्यावर ठरला तर 1 टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, ते मी सीएकडून करून घेतो. ई-खात्याची प्रत मागितलीय, 30 वर्षांची ईसी सबरजिस्ट्रार ऑफिसात टाकलीय, ती हातात आल्याशिवाय टोकनचा एक रुपया पाठवू नका, मी मागितला तरी नको. कागद सगळे कन्नडमध्ये येणार, प्रत्येक पानाचा मराठीत अर्थ लिहून देतो, पण वकील तुमचा तुम्हीच नेमा आणि फी थेट त्यांनाच द्या.

एवढं ताणून सांगतोय कारण माझ्या सख्ख्या मामानं कुवेतहून नुसत्या ओळखीवर टोकन पाठवलेलं, प्लॉट आधीच दुसऱ्याला विकलेला निघाला. पैसे परत यायला चार वर्षं गेली. कळलं त्या दिवशी आजी जेवली नव्हती ओ, ताट तसंच झाकून ठेवलेलं.

रजिस्ट्रीला तुम्हाला यायला जमत नसेल तर पॉवर ऑफ ॲटर्नी आबांच्या नावानं करा, माझ्या नावानं अजिबात नको. त्यात फक्त याच फ्लॅटची खरेदी आणि सही एवढंच लिहायचं, विकायचा किंवा कर्ज काढायचा अधिकार द्यायचा नाही. दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये अटेस्ट करून ओरिजिनल कुरियर करा, भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत इथं स्टॅम्प ड्यूटी भरायला लागते, ते मी आबांना घेऊन जाऊन करतो. पैसे तुमच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून सरळ मालकाच्या खात्यात जाऊ देत, रोख काही मागितलं तर मला लगेच कळवा.

शनिवारी संध्याकाळी पाचला आबा आणि मी फ्लॅटवर जातोय, तिथूनच व्हिडिओ कॉल लावतो, बाथरूमची ओल आणि पाण्याची टाकी तुम्ही स्वतः बघा. तोवर दोघांच्या पासपोर्टची आणि पॅनची कॉपी तेवढी मेलवर पाठवा.

तुमचा,
महादेव