अकरावीच्या फिजिक्ससाठी, सईला

सई, मराठी माध्यमातून आलीस म्हणून घाबरू नकोस. सूत्रं तीच आहेत, F = ma इथेही F = ma च. अडचण येते ती बोलीतल्या शब्दांनी. मंडईत आपण ‘वजन पाच किलो’ म्हणतो, पण पेपरात ते मास आहे, एकक kg. वेट म्हणजे W = mg, आणि त्याचं एकक N. पाच किलोचं वेट 5 × 9.8 = 49 N. इथे kg लिहिलंस तर उत्तर चुकलंच.

तसंच बल म्हणजे फोर्स, शक्ती म्हणजे पॉवर. चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी. व्हेलॉसिटी सदिश आहे, दिशा सांगायला विसरू नकोस. संवेग म्हणजे मोमेंटम, चिन्ह लहान p. मोठा P पॉवरचा.

चिन्हांत लहान-मोठं अक्षर फार जपून लिही. mW म्हणजे मिलिवॅट, MW म्हणजे मेगावॅट. दोन्हींत शंभर कोटी पटींचा फरक आहे. केल्विनचा K मोठा, किलोचा k लहान. W कधी कार्य, कधी वेट, कधी वॅट असतो, म्हणून उत्तराच्या पहिल्या ओळीतच प्रत्येक चिन्हाचा अर्थ लिही. ρ घनतेलाही आणि रोधकतेलाही वापरतात. तो p सारखा दिसू देऊ नकोस.

वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने कर: मराठी शब्द, इंग्रजी शब्द, चिन्ह आणि एकक. स्पेलिंग पाठ्यपुस्तकातूनच उतरव. रविवारी वही घेऊन ये, आपण ‘गती’पासून सुरुवात करू.

— मावशी