‘शांतता! कोर्ट चालू आहे’ : नाट्यपेपरसाठी अंकवार टिपण

नाटककार विजय तेंडुलकर. पहिला प्रयोग 1967, संस्था रंगायन, दिग्दर्शन अरविंद देशपांडे, लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. अंक तीन, स्थळ एकच : खेडेगावातल्या सभागृहाची रिकामी खोली. वेळही सलग आहे, त्यामुळे पात्रांना आणि आपल्याला मध्ये श्वास घ्यायला जागा राहत नाही.

अंक पहिला

अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करणारी मुंबईची हौशी मंडळी गावात येते. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालवायचा आहे. मधला वेळ घालवायला आणि ऐनवेळी साक्षीदार म्हणून घेतलेल्या गावच्या सामंतांना कोर्टाची रीत कळावी म्हणून एक लुटुपुटीचा खटला ठरतो. आरोपी मंडळातल्या शिक्षिका बेणारे बाई. आरोप भ्रूणहत्येचा, कलम 302. अंक इथेच तुटतो.

संघर्ष अजून उघड नाही, पण त्याची बीजं बाईंच्या बोलण्यात आहेत. सामंतांशी एकटी असताना ती मोकळेपणाने सगळ्यांच्या नकला करते : वकिली न चाललेले सुखात्मे, इंटर नापास ‘शास्त्रज्ञ’ पोंक्षे, समाजसुधारक म्हणवणारे काशीकर. प्रत्येकाचं अपयश तिला ठाऊक आहे. पुढे तिच्यावर तुटून पडण्याचं पहिलं कारण हेच, असं मी लिहीन. नीतिमत्ता नंतर येते.

रंगतंत्रासाठी दाराची कडी नोंदवावी. आत येतानाच बाईंचं बोट कडीत सापडतं. तेव्हा ती साधी दुखापत वाटते.

अंक दुसरा

कथानक थोडक्यात : साक्षी सुरू होतात, थट्टा चालते आणि हळूहळू प्रश्न खासगी होतात. मंडळातला रोकडे प्रा. दामल्यांचं नाव घेतो; बाईंना दिवस गेले आहेत ते याच दामल्यांपासून. तिथून सूर बदलतो. सामंत तर हातातल्या कादंबरीतले संवाद साक्ष म्हणून म्हणतो. त्याच्या मनात काही वाईट नाही, पण त्याची कल्पित साक्ष नेमकी खऱ्यावर जाऊन बसते. परीक्षेत सामंतला ‘निरागस पात्र’ म्हणून सोडून देऊ नये : निरागस माणूसही या यंत्राचा दात होतो.

बाई निघून जायला दाराशी धावते. दार बाहेरून अडकलेलं. पहिल्या अंकातली कडी आता तुरुंगाची कडी झाली. नेपथ्यातली एक वस्तू संघर्षाला कशी वळण देते, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण या पेपरला सापडायचं नाही.

अंक तिसरा

बाईंना ओढून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. पोंक्षे सांगतो की तिने त्याला लग्नाबद्दल विचारलं होतं. तिच्या पर्समधून पडलेल्या टिक-20 या ढेकणांच्या विषाच्या बाटलीचीही तो साक्ष देतो. मंडळातलाच कर्णिक तिच्या लहानपणच्या, मामावरच्या प्रेमाच्या प्रकरणाला हात घालतो. तिला शाळेतून काढायचं ठरल्याचंही काशीकरांच्या तोंडून कळतं. दामले मात्र संपूर्ण नाटकात रंगमंचावर येत नाहीत. आरोपी हजर आणि ज्याच्यामुळे हे झालं तो गैरहजर. त्याची रिकामी जागा हेच नाटककाराचं सर्वांत बोचरं विधान आहे.

हेतू : काशीकर दांपत्याला मूल नाही, म्हणून मातृत्वाचा महिमा सर्वांत मोठ्याने तेच गातात. सुखात्म्यांना एक खटला जिंकायचा आहे. आश्रित रोकडेला मालकांसमोर शूर दिसायचं आहे. बेणारेचा हेतू एकच : पोटातलं मूल वाढवायचं आणि त्याला नाव मिळवून द्यायचं.

मग तिचं प्रसिद्ध स्वगत. प्रकाश बदलतो, बाकी सगळे होते तसे थिजतात. ती मनातलं सगळं बोलते, शरीराबद्दल, प्रेमाबद्दल, जगण्याच्या हावेबद्दल. ते संपताच कोर्ट जणू काही घडलंच नाही अशा थाटात पुढे सरकतं. म्हणजे तिला बोलायला जागा मिळते ती फक्त जिथे कुणी ऐकत नाही तिथे. तंत्र आणि आशय इथे वेगळे काढता येत नाहीत. उत्तरात या मुद्द्याला निदान एक परिच्छेद द्यावा.

निकाल : गर्भ नष्ट करावा. भ्रूणहत्येच्या आरोपावरून सुरू झालेला खटला भ्रूणहत्येचीच शिक्षा देतो. हा उपरोध परीक्षकाला दाखवलाच पाहिजे.

शेवटी दार उघडतं, गावकरी प्रयोगाची चौकशी करतात, मंडळी ‘खेळच होता’ म्हणत तयारीला लागतात. बाई निश्चल. सामंत हिरवा कापडी पोपट हळूच तिच्याजवळ ठेवतो, आणि कुठूनतरी तिच्याच आवाजात चिमणी-पोपटाचं बालगीत ऐकू येतं.