ईशानच्या अंगावरील पुरळ आणि शाळेबाबत डॉक्टरांचा सल्ला

परळ, मुंबई
९ ऑक्टोबर २०२४

मा. वर्गशिक्षिका,
इयत्ता तिसरी, तुकडी ब

सादर नमस्कार.

ईशानच्या मानेवर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला लाल पुरळ दिसत असून ते डॉक्टरांना दाखवावे, तोवर त्याला घरीच ठेवावे, अशी सूचना आपण शुक्रवारी त्याच्या डायरीत लिहिली होती. वर्गातील इतर मुलांचा विचार करून आपण ती लिहिलीत, हे योग्यच झाले. त्याप्रमाणे शनिवारी आम्ही त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

डॉक्टरांचे निदान इसब, म्हणजेच अ‍ॅटोपिक डर्माटायटिस, असे आहे. हा आजार स्पर्शाने, एकाच बाकावर बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने किंवा कपड्यांतून दुसऱ्याला होत नाही. गजकर्ण किंवा खरूज तर नाही ना, ही शंका आमच्याही मनात होती; परंतु बोटांच्या बेचक्या, मनगटे आणि पुरळाच्या कडा नीट तपासून, घरात आणखी कोणाला खाज येते का हे विचारून, डॉक्टरांनी ती दोन्ही नसल्याचे स्पष्ट सांगितले. ज्या घरात दमा किंवा अ‍ॅलर्जी असते तेथील मुलांमध्ये इसब अधिक आढळतो, आणि ईशानच्या बाबांना लहानपणापासून दमा आहे. त्याची त्वचा मुळातच कोरडी आहे. त्यात ऑक्टोबरचा उकाडा आणि गळ्याशी घट्ट बसणारी कॉलर यांमुळे घाम साचून खाज वाढली.

ईशानला शाळेत पाठवावे आणि इतर मुलांसोबतच बसवावे, असे डॉक्टरांनी प्रमाणपत्रात लिहिले आहे. त्यामुळे उद्यापासून मी त्याला पाठवत आहे. त्याची सहामाही परीक्षाही जवळ आली असल्याने त्याचा अभ्यास आणखी बुडू नये, अशी माझी इच्छा आहे.

वर्गात काही गोष्टींसाठी आपली मदत लागेल. शक्य असल्यास त्याला पंख्याखालील जागा द्यावी, खिडकीतून ऊन येते तेथे बसवू नये. पी.टी.च्या तासाला त्याने खेळायला हरकत नाही. मात्र खेळून झाल्यावर मान आणि हात साध्या पाण्याने धुऊन, न घासता, रुमालाने टिपून घेण्याची त्याला मुभा असावी. त्याच्या दप्तरात मॉइश्चरायझरची छोटी बाटली ठेवली आहे. मधल्या सुट्टीत ते कसे लावायचे हे त्याला शिकवले आहे, फक्त त्याला आठवण करून द्यावी लागेल. औषधी मलम आम्ही घरीच लावतो, ते शाळेत पाठवणार नाही. रात्री खाजेसाठी दिलेल्या औषधामुळे सकाळच्या पहिल्या तासाला तो थोडा पेंगुळलेला वाटू शकेल. तसे दिसल्यास कृपया मला कळवावे, म्हणजे डॉक्टरांशी बोलता येईल. खाण्यावर त्यांनी कोणतेही बंधन घातलेले नाही. इसब म्हटले की वांगे आणि अंडे बंद करण्याचा सल्ला सगळीकडून मिळतो, पण वाढत्या वयाच्या मुलाचे पदार्थ आपल्या मनाने तोडू नका, असे त्यांनी आम्हाला बजावले आहे. त्यामुळे शाळेत मिळणारा खाऊ त्याने इतरांसारखाच खावा.

एक गोष्ट मला विशेष कळकळीने लिहायची आहे. खाज असह्य झाली की तो लिहिता लिहिता नकळत खाजवतो, आणि त्याच्या गणिताच्या वहीच्या समासात रक्ताचे बारीक ठिपके उमटलेले मी पाहिले आहेत. अशा वेळी "खाजवू नकोस" असे म्हटल्याने त्याची खाज थांबत नाही, उलट तो बाह्या खाली ओढून हात लपवतो. त्याऐवजी त्याला ओला रुमाल त्या जागी धरायला सांगावे किंवा फळा पुसण्यासारखे हाताला गुंतवणारे एखादे काम द्यावे, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. गेल्या आठवड्यात बाकावरचे मित्र त्याच्यापासून सरकून बसू लागले होते. त्या मुलांचा यात काही दोष नाही, त्यांना भीती वाटली असणार. तरी ईशानचे नाव न घेता, त्याला उभे न करता, असे पुरळ एकाचे दुसऱ्याला लागत नाही हे आपण वर्गात सांगितलेत, तर मुलांना ते पटेल. बाईंचा शब्द ती प्रमाण मानतात.

पुरळातून पिवळसर पाणी किंवा पू येऊ लागला, त्यावर खपली धरली किंवा ताप आला, तर तो वेगळा जंतुसंसर्ग असू शकतो. असे आढळल्यास मला लगेच फोन करावा. मी किंवा त्याची आजी येऊन त्याला घेऊन जाऊ आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच परत पाठवू. दोघींचेही नंबर डायरीच्या पहिल्या पानावर आहेत. पुढील तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आहे, त्यानंतर सल्ल्यात काही बदल झाल्यास लेखी कळवीन.

कळावे,
आपली विश्वासू,
सौ. मेघना सावंत
(ईशानची आई)

सोबत: डॉक्टरांचे प्रमाणपत्र