एका नेतृत्वपदाविषयी, फक्त आपल्यापुरतं

नमस्कार मॅडम,

आपली ओळख नाही, आणि हा मेसेज मुद्दामच आपल्या ऑफिसच्या मेलवर न पाठवता इथे पाठवते आहे. मी वरिष्ठ पदांसाठी एक्झिक्युटिव्ह सर्चचं काम करते. आपली सध्याची कंपनी आमची क्लायंट नाही, हे आधी तपासूनच लिहायला बसले.

ग्राहकोपयोगी वस्तू बनवणाऱ्या एका लिस्टेड कंपनीसाठी आम्ही सीईओ शोधतो आहोत. कंपनीचे सात कारखाने आहेत आणि प्रमोटर कुटुंब रोजच्या कारभारातून हळूहळू बाजूला होतं आहे. पद थेट बोर्डाला रिपोर्ट करतं. नाव आत्ता सांगता येणार नाही. सध्याचे सीईओ वर्षअखेर निवृत्त होणार आहेत, पण ते अजून जाहीर झालेलं नाही. लिस्टेड कंपनीत अशी कुजबुजही महागात पडते. वर्णनावरून आपण अंदाज बांधाल कदाचित. त्यावर मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, एवढं समजून घ्या.

आपलंच नाव का? गेल्या वर्षीच्या मुलाखतीत आपण दोन कारखाने एकत्र करतानाचा अनुभव सांगितला होता. मशिनरी हलवायला चार महिने लागले आणि सुपरवायझर एकमेकांशी बोलू लागायला दीड वर्ष, असं काहीसं. या कंपनीसमोरचा प्रश्न नेमका तोच आहे. शिवाय सगळे निर्णय एका घरात होण्याची सवय मोडायची आहे आणि ते घर दुखावता कामा नये. हे काम सोपं आहे असं मी भासवणार नाही. आधीच्या एका बाहेरच्या नेमणुकीचं काय झालं, तेही भेटीत सांगेन.

आत्ता सीव्ही नको. आपल्या स्पष्ट होकाराशिवाय आपलं नाव क्लायंटकडे जाणार नाही, नॉमिनेशन कमिटीच्या अध्यक्षांकडेसुद्धा नाही. आपल्या आजीमाजी सहकाऱ्यांपैकी कोणाकडेही चौकशी करणार नाही. पहिल्या बोलण्यानंतर रस वाटला तर एनडीए होईल आणि त्यानंतर कंपनीचं नाव व पदाचा सविस्तर तपशील देईन. मोबदला, स्टॉक ऑप्शन्स, आपला नोटीस पीरियड हे सगळं त्यापुढचं.

वीसेक मिनिटं बोलता येईल का? शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास किंवा मधल्या कुठल्याही दिवशी रात्री साडेआठनंतर. आपल्या खासगी फोनवरूनच बोललेलं बरं. वेळ इथेच कळवा, विषय लिहायची गरज नाही.

रस नसेल तर ‘नको’ एवढा एक शब्द पुरे, मी पुन्हा विचारणार नाही. आणि ‘मग दुसरं कोणी सुचवा’ असंही म्हणणार नाही; बऱ्याचदा बातमी फुटते ती तिथूनच.

उत्तराची वाट पाहते.