पहिली शिट्टी

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. दर रविवारी बाहेर खाऊन पोट आणि पैसे दोन्हीची वाट लागत होती, म्हणून मी ठरवलं की आज रूमवरच वरण-भात करायचा. कर्वेनगरला येताना आईने तीन लिटरचा कुकर दिलेला, तो दोन महिने खोक्यातच होता. नेट नव्हतं म्हणून व्हिडिओ कॉल नाही, साधाच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अगं वाटी नाहीये गं माझ्याकडे, चहाचा कप आहे."

"मग कपाने घे. ज्याने तांदूळ मोजशील त्यानेच पाणी मोज, बास. कोलम आहे ना? एकाला दोन. आणि तूरडाळ अर्धा कप, तीन पाण्यानं धू, पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत."

डाळीत हळद, हिंग आणि थोडं तेल, मीठ आत्ता नाही, डाळीचा डबा खाली, भाताचा वर, तळात दोन पेरं पाणी, असं ती सांगत गेली आणि मी करत गेले. झाकण लावलं, गॅस मोठा केला. दहा मिनिटं झाली तरी शिट्टी नाही, कडेने नुसतं फुसफुस पाणी यायला लागलं आणि मी घाबरले.

"फोन कुकरजवळ धर."

धरला. आई दोन सेकंद गप्प.

"रिंग लावली नाहीस तू. गॅस बंद कर, थोडं निवू दे, मग उघड."

खरंच, रिंग खोक्यातच राहिली होती, प्लास्टिकच्या पिशवीत. बार्शीत बसून नुसत्या आवाजावरून तिला कळलं होतं. रिंग बसवली, तळात अजून थोडं पाणी घातलं, परत गॅस. यावेळी शिट्टी झाली तेव्हा मी जोरात ओरडले, "आई झाली!"

"ऐकलं मी. अजून तीन होऊ देत, मग बंद कर आणि वाफ जिरू दे, जोर लावून उघडायचं नाही."

वाफ जिरेपर्यंत ती फोनवरच होती. झाकण काढलं तर भात वरून थोडा गिच्च झालेला पण डाळ एकदम मऊ, चमच्याने दाबली की पसरत होती. रवी नाही म्हणून ग्लासच्या बुडाने घोटली, मीठ, चिमूटभर गूळ, गरम पाणी घालून एक उकळी आणि वरून घरचं तूप. हळद-हिंगाचा तो वास आला आणि मला एकदम आमचं स्वयंपाकघर दिसलं, खिडकीतली तुळस, सगळं.

"खाल्लंस का?"

"खातेय. आई, खरंच छान झालंय गं. तुमचं जेवण झालं?"

"नाही गं, माझा कुकर लावायचाय अजून. म्हटलं तुझा होऊ दे आधी."

सव्वानऊ वाजले होते. घरी आठला पानं घेतात.

"आई फोन ठेवू नको ना. ओट्यावरच राहू दे."

तिने ठेवला. नळाचा आवाज, डबे, लायटरची टिकटिक, बाबांचं "झालं का बोलून?" मी पहिला भात संपवून दुसरा वाढून घेतला, तेवढ्यात तिकडून शिट्टी आली.

"एक," मी म्हणाले.